‘रिफंड प्रोसेस झाला’ असं ॲप म्हणतंय, बँक म्हणते आलाच नाही. मधल्या वेळात पैसे असतात कुठे?

वर्षा_जळगाव

शुक्रवारी, १४ फेब्रुवारीला, शिरपूरहून मावशी आणि तिची मुलं अचानक आली, म्हणून एका डिलिव्हरी ॲपवरून शेवभाजी, कळण्याच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा मागवला. बिल ५३८ रुपये. त्यातले ५० ॲपच्या वॉलेटमध्ये आधीचे पडलेले होते ते वळते झाले, उरलेले ४८८ यूपीआयने माझ्या पगाराच्या खात्यातून गेले. त्या दिवशी सगळ्याच हॉटेलांत गर्दी होती. पाऊण तासाने हॉटेलने ऑर्डर रद्द केली. रागवायचं कारण नाही, होतं असं.

रद्द झाल्या झाल्या स्क्रीनवर आलं: Refund initiated to source. Expected in 5-7 working days. ५० रुपये वॉलेटमध्ये तिथल्या तिथे परत दिसले. सोमवारी संध्याकाळी तीच ओळ बदलून Refund processed झाली आणि खाली बारा आकडी रेफरन्स नंबर आला. खात्यात मात्र काही नाही. आज मंगळवारी शाखेत जाऊन तो नंबर दाखवला. काउंटरवरच्या मॅडमनी टाकून बघितला आणि म्हणाल्या, “हा व्यवहार सक्सेसफुल आहे, पैसे तुमच्याकडून गेलेत.” गेलेत ते मलाही माहीत आहे, प्रश्न परत येण्याचा आहे. ॲपवाले चॅटवर सांगतात, आमच्याकडून गेले, बँकेला विचारा.

रक्कम मोठी नाही. पण दोघंही आपापल्या जागी खात्रीने बोलतायत आणि ४८८ रुपये दोघांकडेही नाहीत. मग ते आहेत कुठे? ज्यांना यातलं आतलं माहीत आहे त्यांनी सांगावं.

केळीपट्टा_रावेर

ताई, जेवणाचा फोटो काढला होता का? मागे माझी पनीरची भाजी आंबलेली निघाली, फोटो टाकल्याशिवाय रिफंडचं नावच घेतलं नाही त्यांनी. उघडायच्या आधी डब्याचा, उघडल्यावर भाजीचा, असे दोन्ही फोटो ठेवत जा.

वर्षा_जळगाव

दादा, जेवण आलंच नाही. रिफंड मंजूर झालाय, फक्त पोचत नाहीये.

वकील_चाळीसगाव

मग सरळ आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. पैसे कापले गेले आणि ठरलेल्या मुदतीत परत आले नाहीत, तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, ग्राहकाने मागितली नाही तरी. बँकेला लेखी अर्ज द्या, परिपत्रकाची तारीख टाका. वाट बघत बसू नका.

भुसावळचा_अनिकेत

वकीलसाहेब, परिपत्रक बरोबर आहे, पण ते फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. म्हणजे खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला मिळाल्याची खूणच पोचली नाही, असे. वर्षाताईंचं पेमेंट व्यवस्थित झालं होतं, ॲपला पोचलं होतं, ऑर्डरही लागली होती. नंतर ऑर्डर रद्द झाली म्हणून ॲप स्वतःहून पैसे परत करतंय. बँकेच्या नजरेत हा वेगळा, नवा व्यवहार असतो. रद्द ऑर्डरच्या रिफंडला ती शंभर रुपयांची तरतूद आपोआप लागत नाही.

मी पुण्यात काही वर्षं पेमेंट कंपनीच्या रिको टीममध्ये होतो. रिको म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांच्या याद्या बँकांच्या याद्यांशी ताडून बघायचं काम. त्यामुळे ताईंचा प्रश्न रोजच्या ओळखीचा आहे. सविस्तर लिहितो.

रद्द झाल्यावर स्क्रीनवर “इनिशिएटेड” येतं, तेव्हा पैसा जागचा हललेला नसतो. ॲपच्या सर्व्हरने पेमेंट गेटवेला, म्हणजे ॲप आणि बँकांच्या मधे पैशांची देवघेव सांभाळणाऱ्या कंपनीला, सांगितलेलं असतं की अमुक पेमेंटपैकी इतके परत करा, आणि गेटवेने ते नोंदवून घेतलेलं असतं. बस. कुरिअरवाल्याने पाकीट ताब्यात घेऊन पावती फाडली, इतकाच त्याचा अर्थ. मग गेटवे बघतं की त्या ॲपच्या नावावर आपल्याकडे रिफंडपुरती शिल्लक आहे का. असेल तर ते आपल्या बँकेला कळवतं, ती बँक यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे पाठवते आणि एनपीसीआय तुमच्या बँकेला सांगते की या खात्यात इतके जमा करा. यूपीआयमध्ये हे सगळं ऑनलाइन झालं तर काही मिनिटांत उरकतं. पण बऱ्याच ठिकाणी गेटवे रिफंड साठवून फाइल करून पाठवतं. शुक्रवारी रात्रीची रद्द झालेली ऑर्डर सोमवारच्या फाइलमध्ये जाणं अगदी नेहमीचं. ताईंचं तेच झालेलं दिसतं.

“सोर्स”चंही सांगतो. पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत गेले पाहिजेत असा पेमेंट ॲग्रिगेटरांना, म्हणजे गेटवे चालवणाऱ्या अशा कंपन्यांना, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, ग्राहकाने दुसरी वाट मान्य केली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून ५० वॉलेटला आणि ४८८ खात्याला गेले. वॉलेट ॲपचं स्वतःचं असल्याने तिथे आकडा क्षणात बदलतो. खात्यासाठी मात्र आणखी चौघांच्या हातून जावं लागतं.

आता एक विचारतो, कारण मला वाटतं गाठ इथेच आहे. तो बारा आकडी नंबर कुठल्या आकड्यांनी सुरू होतो? फक्त पहिले चार सांगा, पूर्ण नंबर इथे टाकू नका.

हॉटेल_महामार्ग

आमचं जळगावजवळ हायवेला हॉटेल आहे. अशा वेळी लोक आम्हाला फोन करून पैसे मागतात, म्हणून लिहितो. रद्द झालेल्या ऑर्डरचे पैसे आमच्याकडे येतच नाहीत. ॲपवाले आठवड्याचा हिशोब करून, कमिशन कापून, एकदम रक्कम पाठवतात. आमच्या मुलाने गर्दीत ऑर्डर नाकारली तर त्या हिशोबात ती ओळ शून्याची दिसते. गिऱ्हाइकाचे पैसे त्या काळात ॲपवालेच वापरतात, व्याज खातात, दुसरं काय!

भुसावळचा_अनिकेत

भाऊ, तुमच्या हिशोबाचं अगदी बरोबर. व्याजाचं अर्धंच खरं आहे. गिऱ्हाइकाचा पैसा आधी ॲपकडे जात नाही, ॲग्रिगेटरच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे असे पैसे वेगळे राखून ठेवायच्या खात्यात, जातो आणि त्या खात्यावर सरसकट व्याज मिळत नाही. एक-दोन दिवसांनी तो ॲपला सेटल होतो. रद्द झाली तोवर सेटल झाला नसेल तर रिफंड त्याच पैशातून निघतो. सेटल होऊन गेला असेल तर ॲपच्या त्यानंतरच्या सेटलमेंटमधून तेवढे वळते करतात. मोठ्या ॲपकडे रोज इतकी आवक असते की शिल्लक कमी पडत नाही. छोट्या दुकानांच्या बाबतीत मात्र कमी पडते, आणि शिल्लक येईपर्यंत रिफंड तिथेच रांगेत थांबतो. गिऱ्हाइकाला स्क्रीनवर “इनिशिएटेड”च दिसत राहतं.

शहादा_योगेश

माझा वेगळाच अनुभव. क्रेडिट कार्डाने मागवलं, तीन-चार मिनिटांत मीच रद्द केलं. रिफंड कधी आलाच नाही. स्टेटमेंटमध्ये जमेची एन्ट्री शोधतोय. ॲप म्हणतं झालं.

भुसावळचा_अनिकेत

योगेशभाऊ, स्टेटमेंटमध्ये ती खर्चाची एन्ट्री तरी आहे का? कार्डाच्या बाबतीत बँक आधी फक्त रक्कम अडवून ठेवते, खरी वसुली दुकानदार नंतर करतो. तुम्ही इतक्या लवकर रद्द केलंत की वसुली झालीच नसावी. मग ॲप अडवलेली रक्कम सोडून देतं आणि बँकेच्या ॲपमध्ये दिसणारी पेंडिंग एन्ट्री नाहीशी होते. खर्चच नोंदला गेला नाही तर जमा येणार कुठून? स्टेटमेंटमध्ये खर्च आणि जमा दोन्ही नसतील तर हिशोब पूर्ण झालाय. खर्च असेल आणि जमा नसेल, तर ॲपकडून एआरएन मागा. कार्डाच्या रिफंडचा तो तेवीस आकडी नंबर असतो आणि कार्डवाली बँक त्यावरूनच शोधते.

शहादा_योगेश

बघितलं. खर्चाची एन्ट्रीही नाही. म्हणजे मी नसलेले पैसे शोधत होतो. धन्यवाद भाऊ.

वर्षा_जळगाव

अनिकेतदादा, नंबर ५०४५ ने सुरू होतो. ॲपमध्ये याशिवाय ऑर्डर नंबर आहे, आणि इंग्रजी अक्षरं-आकडे मिसळलेला आणखी एक लांबलचक नंबर आहे. शाखेत मी बारा आकडीच दिला होता.

भुसावळचा_अनिकेत

मग गाठ सापडली. यूपीआयच्या बारा आकडी नंबरात बहुतेक बँका पहिला आकडा वर्षाचा शेवटचा घेतात आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस ते. ५ म्हणजे २०२५. ०४५ म्हणजे पंचेचाळिसावा दिवस. जानेवारीचे एकतीस आणि फेब्रुवारीचे चौदा, झाले पंचेचाळीस. म्हणजे हा नंबर शुक्रवार १४ तारखेचा, तुम्ही पैसे भरले त्या व्यवहाराचा. रिफंड सोमवारी गेला असेल तर त्याचा नंबर ५०४८ ने सुरू व्हायला हवा. कुठली बँक ही पद्धत पाळत नाही असंही असतं, त्यामुळे हा पुरावा म्हणून वापरू नका, पण अंदाज बांधायला पुरेसं आहे.

काउंटरवरच्या मॅडम चुकल्या नाहीत. तुम्ही दिलेल्या नंबरावर “पैसे गेले, सक्सेसफुल” हेच दिसणार. रिफंड हा वेगळा व्यवहार, त्याला वेगळा नंबर असतो, आरआरएन किंवा यूटीआर म्हणतात तो, आणि ॲपने स्क्रीनवर जुनाच दाखवलाय. तो मिसळलेला लांब नंबर गेटवेचा अंतर्गत असतो, तो बँकेला काहीच सांगत नाही. ऑर्डर नंबरही नाही.

चॅटवर आता “रिफंड कुठे आहे” असं विचारू नका, तेच ठरलेलं उत्तर येईल. असं लिहा: “रिफंडच्या व्यवहाराचा आरआरएन किंवा यूटीआर द्या, मूळ पेमेंटचा नको.” हे वाक्य वाचलं की चॅटवरचा माणूस तक्रार पुढच्या टीमकडे पाठवतो, कारण तो नंबर त्याच्या स्क्रीनवर बहुधा नसतोच.

नाना_साक्री

मना बी आसाच किस्सा शे. पैसा कोठे ग्यात ते कोनीच सांगत नही.

सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. माझं एका सहकारी बँकेत खातं होतं, मुलाने त्यावरच यूपीआय जोडून दिलं होतं. जानेवारीत नाशिकला नातीकडे असताना जेवण मागवलं, रद्द झालं. त्याच आठवड्यात मी ते खातं बंद केलं, कारण पेन्शन दुसरीकडे वळवली. आता ॲप म्हणतं पैसे दिले. जुनी बँक म्हणते तुमचं खातंच नाही. नव्या बँकेला तर काही ठाऊकच नाही.

संध्या_धुळे

नाना, मी बँकेत आहे, या प्रश्नाचं मी सांगते. बंद खात्यावर आलेली जमा बँक ठेवून घेत नाही, खातं बंद आहे असं कारण लावून परत पाठवते. ती रक्कम ज्याने पाठवली त्याच्याकडे, म्हणजे गेटवेकडे, परत जाते. ॲपच्या स्क्रीनवर मात्र एकदा “प्रोसेस्ड” लागलं की बऱ्याचदा ते तसंच राहतं. तुमच्या जुन्या बँकेकडून लेखी घ्या की अमुक तारखेला खातं बंद झालं आणि नंतर कुठलीही रक्कम जमा झालेली नाही. ते पत्र ॲपला पाठवा आणि नव्या खात्याचा नंबर, आयएफएससी देऊन बँक ट्रान्सफरने मागा. मूळ वाट बंद झाल्यावर त्यांना दुसरी वाट वापरता येते, पण ते तुमच्याकडून लेखी घेतील.

वर्षाताई, तुमच्याबद्दल एक. शाखेतल्या स्क्रीनवर आम्हाला फक्त खात्यात पडलेल्या एन्ट्र्या दिसतात. जे खात्यात पडलं नाही, वाटेत अडकलं, ते शाखेला दिसत नाही. ते मुख्य कार्यालयातल्या डिजिटल सेलला दिसतं. म्हणून नवा नंबर मिळाला की काउंटरवर विचारून परत येऊ नका. लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या आणि डिजिटल सेलकडे पाठवायला सांगा.

केळीपट्टा_रावेर

एवढी खटपट कशाला? ॲपचा कस्टमर केअर नंबर गूगलवर टाकला की येतो. फोन केला की लगेच करून देतात असं ऐकलंय.

संध्या_धुळे

दादा, असं कृपा करून कुणाला सुचवू नका. सर्चमध्ये वर येणारे असले कितीतरी नंबर भामट्यांचे असतात. आमच्या शाखेत याच महिन्यात एक गृहस्थ आले होते. रिफंडसाठी म्हणून त्यांना स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावलं, मग “रक्कम स्वीकारायला पिन टाका” म्हणाले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. खात्यातून बरीच रक्कम गेली त्यांच्या. असं झालंच तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन करायचा आणि मग शाखेत यायचं. ॲपशी बोलायचं ते फक्त ॲपच्या आत, ऑर्डरच्या पानावरच्या मदतीतून.

केळीपट्टा_रावेर

बरं झालं सांगितलंत. आमच्या घरी सगळे असंच नंबर शोधतात, आज सांगतो सगळ्यांना.

वकील_चाळीसगाव

पाच ते सात वर्किंग डेचा हिशोब कुणी केला का? माझ्या मते यातच ते फसवतात. १४ फेब्रुवारीपासून मोजू. शनिवार १५ तारीख, तिसरा शनिवार, म्हणजे बँका चालू. पण कंपनीला शनिवारी सुटी असेल तर तो दिवस धरायचा की नाही? सोमवार-मंगळवार धरले. बुधवारी १९ ला शिवजयंती, महाराष्ट्रात बँका बंद. गुरुवार-शुक्रवार धरले. २२ ला चौथा शनिवार, मग रविवार. सोमवार-मंगळवार धरले. बुधवारी २६ ला महाशिवरात्र. शनिवार धरला तर सातवा दिवस मंगळवार २५ ला येतो, नाही धरला तर गुरुवार २७ ला. आणि गेटवेचं ऑफिस बंगळुरूला असेल तर तिथे शिवजयंतीची सुटी नाही, म्हणजे पुन्हा वेगळा हिशोब. एकाच ओळीवर तीन तारखा निघतात, आणि गिऱ्हाइकाला कोणतीच लिहून दिलेली नाही.

भुसावळचा_अनिकेत

हा मुद्दा मला मनापासून पटला. यूपीआय वर्षाचे सगळे दिवस चालतं, सुटीचा त्याच्याशी संबंध नाही. सुटी आडवी येते ती फाइलवर बसणाऱ्या माणसांना आणि अडकलेलं सोडवणाऱ्यांना. “५-७ दिवस” हा आकडाही ताईंच्या व्यवहारासाठी काढलेला नसतो. कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय, सगळ्यांना पुरेल असा एकच आकडा छापून ठेवतात. नेटबँकिंगचा रिफंड खरोखर तेवढे दिवस घेतो. यूपीआयचा “प्रोसेस्ड” म्हटल्यावर एक-दोन दिवसांत दिसला नाही, तर तो हळू येतोय असं समजू नये. कुठेतरी अडकला आहे असं धरून चालावं. सातवा दिवस उजाडायची वाट बघण्यात काही मिळत नाही.

वर्षा_जळगाव

आज सुटी होती तरी चॅटवर काम झालं. दादांनी सांगितलं तसंच वाक्य टाकलं. आधी तेच ठरलेलं उत्तर आलं. पुन्हा तेच वाक्य टाकल्यावर “संबंधित टीमकडे पाठवत आहोत” आलं, आणि संध्याकाळी मेलवर नंबर मिळाला. ५०४८ ने सुरू होतो! उद्या शाखा उघडली की लेखी तक्रार देते.

भुसावळचा_अनिकेत

छान. जाण्याआधी पासबुकात, किंवा मोबाइल बँकिंगमध्ये, रक्कम आणि हा नंबर दोन्हीने शोधा. जमेच्या ओळीत जेवणाच्या ॲपचं नाव नसण्याची शक्यता असते, ॲग्रिगेटर कंपनीचं असतं, आणि लोक नाव न दिसल्याने पुढे सरकतात.

वर्षा_जळगाव

शोधलं. १४ तारखेनंतर ४८८ ची जमा कुठल्याच नावाने नाही.

भुसावळचा_अनिकेत

मग माझा अंदाज सांगतो. सोमवारी एनपीसीआयकडून तुमच्या बँकेला जमा करा असा संदेश गेला आणि बँकेच्या सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही. अशा वेळी यूपीआय तो व्यवहार “डीम्ड” म्हणजे झालाच असं धरून पुढे चालतं. पाठवणाऱ्याला यशस्वी दिसतो, म्हणून ॲपवर “प्रोसेस्ड” आलं. एनपीसीआयच्या हिशोबात ४८८ रुपये पाठवणाऱ्या बँकेकडून तुमच्या बँकेकडे गेलेही. पण तुमच्या खात्यात पडले नाहीत. बँकेची रिको टीम दुसऱ्या दिवशी यादी ताडते तेव्हा तिला हे दिसतं, आणि तिने एक तर खात्यात जमा करून कळवायचं किंवा पैसे परत पाठवायचे. म्हणजे ॲप खरं बोलत होतं, काउंटरवरच्या मॅडमही खरं बोलत होत्या. पैसे तुमच्याच बँकेच्या पोटात, खात्याच्या बाहेर.

वकील_चाळीसगाव

थांबा अनिकेतभाऊ. तसं असेल तर माझं पहिलं म्हणणं परत उभं राहतं. त्याच परिपत्रकात यूपीआयने पैसे पाठवले आणि ज्याला मिळायचे त्याच्या खात्यात पडले नाहीत, याचीही ओळ आहे. तिथे मुदत दुसऱ्या दिवसापर्यंतची आणि त्यानंतर दिवसाला १०० रुपये. ताईंचं मूळ पेमेंट फसलं नव्हतं हे मान्य. पण रिफंड वेगळा व्यवहार आहे असं तुम्हीच सांगितलंत. मग तो वेगळा व्यवहार फसलाय, आणि बँकेच्या दारात फसलाय.

संध्या_धुळे

वकीलसाहेब, ती ओळ एका माणसाने दुसऱ्याला पैसे पाठवण्याची आहे, दुकानदाराच्या पेमेंटची ओळ वेगळी आहे. रिफंड या दोन्हींत बसत नाही असंच आमच्याकडे धरतात. तुमचा युक्तिवाद मी वरिष्ठांना विचारून बघेन, पण बँक सहज मानेल असं वाटत नाही.

वकील_चाळीसगाव

बँक काय धरते आणि परिपत्रकाचा अर्थ काय होतो, या दोन गोष्टी आहेत. ताई, तक्रारीत भरपाईची मागणी एका ओळीत जरूर लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही. एकदा कुणीतरी लिहून घेतल्याशिवाय हे ठरणार नाही.

भुसावळचा_अनिकेत

यावर माझं मत पक्कं नाही. वकीलसाहेबांचा मुद्दा मला आधी सुचला नव्हता. रिकोच्या दृष्टीने रिफंड खात्यात जमा होण्याचा टप्पा आणि साधी ट्रान्सफर जमा होण्याचा टप्पा यात फरक नसतो, दोन्ही डीम्ड होतात, दोन्ही एकाच यादीत येतात.

वर्षा_जळगाव

गुरुवारी सकाळी लेखी तक्रार दिली, नवा नंबर, १७ तारीख आणि ४८८ रक्कम लिहून. मॅडमनी नंबर टाकल्यावर शाखेच्या स्क्रीनवर काहीच आलं नाही. संध्याताईंनी सांगितलं होतं म्हणून मी घाबरले नाही, डिजिटल सेलकडे पाठवा म्हटलं. तक्रार क्रमांक मिळाला. शुक्रवारी दुपारी ४८८ जमा झाल्याचा मेसेज आला. जमेच्या ओळीत ५०४८ वाला नंबर आहे आणि नाव खरंच भलत्याच कंपनीचं आहे. शाखेतून फोन आला, “सोमवारचा व्यवहार आमच्या बाजूला पेंडिंग होता, हिशोबात सापडला.” अनिकेतदादांनी लिहिलं होतं, अगदी तसंच.

भरपाईची ओळ तक्रारीत लिहिली होती. त्यावर उत्तर नाही. मूळ तक्रार मात्र “निकाली” असा मेसेज आला.

वकील_चाळीसगाव

अर्धीच निकाली निघालीय. त्याच क्रमांकाचा हवाला देऊन फक्त भरपाईपुरतं पुन्हा लिहा, आणि सोमवारी व्यवहार पेंडिंग होता हे त्यांनी फोनवर सांगितलंय ते लेखी मागा. ते पत्र हातात आलं तरच पुढे बोलता येईल.

हॉटेल_महामार्ग

धाग्याची लिंक आमच्या हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर टाकतोय. गिऱ्हाइकाचा फोन आला की आम्ही “आमच्याकडे नाहीत” एवढंच सांगायचो. आता रिफंडचा आरआरएन मागा असं सांगू. अनिकेतभाऊ, एक विचारायचं होतं. गिऱ्हाईक ऑर्डरमधली एकच भाकरी कमी आली म्हणून तक्रार करतं, तेव्हा ॲप अर्धवट रिफंड देतं आणि आमच्या हिशोबातून कापतं. त्यालाही असाच वेगळा नंबर असतो का? आम्हाला कधी कुठला नंबर दाखवत नाहीत.

भुसावळचा_अनिकेत

हो, अर्धवट रिफंडलाही स्वतःचा नंबर असतो, एकाच पेमेंटवर दोन-तीन अर्धवट रिफंड झाले तर प्रत्येकाला वेगळा. पण तुमच्या आठवड्याच्या हिशोबातली कपात ही तुमच्या आणि ॲपच्या कराराची गोष्ट, गिऱ्हाइकाला खरंच किती परत गेले त्याच्याशी ती जुळेलच असं नाही. तुमच्या हिशोबाच्या फाइलमध्ये ऑर्डर नंबराच्या पुढे कपातीचं कारण लिहिलेलं असतं का, ते बघून सांगा. मग त्याचा वेगळा धागा काढू.

नाना_साक्री

संध्याताई, जुन्या बँकेने पत्र द्यायला नकार दिला. म्हणतात खातं बंद झालंय, तुम्ही आता आमचे ग्राहक नाहीत.

संध्या_धुळे

नाना, खातं बंद करताना त्यांनी शेवटचं स्टेटमेंट किंवा बंद केल्याची पावती दिली असेल, तारीख असलेली. घरात शोधा. तीच ॲपला पाठवून रिफंडचा आरआरएन मागा, आणि तो नंबर घालून जुन्या बँकेला लेखी विचारा की या नंबराची रक्कम कुठे गेली. नंबर घातल्यावर त्यांना उत्तर द्यावं लागेल, तुम्ही त्यांचे ग्राहक असा किंवा नसा. मुलाला म्हणावं, त्या जुन्या फोनमधलं यूपीआय ॲप काढून टाकू नको, त्यात मूळ व्यवहाराची पावती असेल.